बांधकामातले दोष आणि लवादापुढचा तटस्थ तज्ज्ञ-अहवाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रक्चरल इंजिनिअर, बिल्डरचे प्रोजेक्ट मॅनेजर, कंत्राटदार आणि त्यांचे वकील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी आणले आहेत. बोलणं हवेत राहू नये म्हणून सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण घेतलं आहे. मुंबईच्या उपनगरातली ९ वर्षांची इमारत. पोडियमखाली पार्किंग, पोडियमवर बाग. पार्किंगच्या छताचं, म्हणजे स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट जागोजागी सुटलंय आणि गंजलेल्या सळया उघड्या पडल्यात. रहिवाशांच्या तक्रारी पाचव्या वर्षी सुरू झाल्या. बिल्डरने मुख्य कंत्राटदारावर लवादात दावा लावला. इमारत आणि तिथली मोजमापं समजावण्यापुरती रचली आहेत. मानकांतले आकडे आणि कायद्याची कलमं खरी आहेत.

१. तटस्थ तज्ज्ञ नेमतो कोण? आणि त्याचा अहवाल म्हणजे निकालच का?

लवाद आणि सलोखा कायदा, १९९६ च्या कलम २६ नुसार लवाद स्वतः एक किंवा अधिक तज्ज्ञ नेमू शकतो आणि ठरावीक मुद्द्यांवर अहवाल मागवू शकतो. तज्ज्ञाला लागणारी माहिती, कागदपत्रं किंवा जागेची पाहणी उपलब्ध करून द्या, असं लवाद पक्षकारांना सांगू शकतो. अहवाल आल्यावर कोणत्याही पक्षाने मागणी केली, किंवा लवादाला गरज वाटली, तर तज्ज्ञाला तोंडी सुनावणीत बसावं लागतं. तिथे दोन्ही बाजू त्याला प्रश्न विचारतात आणि आपले तज्ज्ञही उभे करू शकतात. पक्षकारांनी आपसांत वेगळं ठरवलं असेल तर मात्र या तरतुदी तशाच्या तशा लागू होत नाहीत, म्हणून करारातलं लवादाचं कलम आधी वाचावं.

अहवाल म्हणजे निकाल नव्हे. लवाद तो पूर्ण स्वीकारेल, अर्धा स्वीकारेल किंवा बाजूला ठेवेल. पण लवाद ज्या अहवालावर विसंबणार तो दोन्ही पक्षांना मिळालाच पाहिजे, हे कलम २४ मध्ये स्पष्ट आहे. ‘फक्त लवादासाठी गोपनीय टिपण’ असा प्रकार इथे चालत नाही.

२. तज्ज्ञाची फी आमच्या बाजूने दिली, तर तो आमचाच माणूस ना?

नाही. फी कोणीही देवो, मत लवादाला मदत म्हणून द्यायचं असतं. पक्षाने नेमलेल्या तज्ज्ञालाही हे लागू आहे. १९९३ च्या ‘इकारियन रीफर’ या इंग्लंडमधल्या खटल्यात तज्ज्ञाची कर्तव्यं सांगितली गेली, ती आज बांधकामाच्या लवादांत सगळीकडे गृहीत धरली जातात: मत स्वतंत्र असावं, आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी तथ्यं वगळू नयेत, आपल्या विषयाबाहेरचा प्रश्न आला तर तसं सांगावं, माहिती अपुरी असेल तर मत तात्पुरतं आहे हे लिहावं.

व्यवहारात दोन गोष्टी सांभाळल्या की पुष्कळ वाद टळतात. फी दाव्याच्या निकालाशी किंवा मिळणाऱ्या रकमेशी बांधलेली नसावी. आणि आधीचे संबंध पहिल्याच पानावर उघड करावेत. याच बिल्डरच्या दुसऱ्या प्रकल्पात सल्लागार म्हणून काम केलं असेल तर ते तज्ज्ञाने आधी सांगितल्यास लवाद ठरवेल काय करायचं ते. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने तेच बाहेर काढलं, तर अहवालातली मोजमापं कितीही चोख असली तरी त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

३. आमच्याकडे स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट आहे. तोच दाखल केला तर?

दाखल करा, पुरावा म्हणून त्याला किंमत आहे. पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. इमारत आज सुरक्षित आहे का आणि दुरुस्ती काय करावी, हे ऑडिट सांगतं. लवादापुढचा प्रश्न असा असतो: करारात जे ठरलं होतं त्यापेक्षा काम वेगळं झालं का, आणि दिसणारं नुकसान त्या फरकामुळे झालं का? ऑडिटमध्ये सहसा ‘कारणं: पाणीगळती, अपुरं कव्हर, देखभालीचा अभाव’ अशी सगळी संभाव्य कारणं एका ओळीत येतात. कव्हर म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण. ऑडिटसाठी तेवढं पुरतं. लवादात नेमकं त्या तीन शब्दांमधलंच भांडण असतं.

ज्या इंजिनिअरने ते ऑडिट केलं, तो आपण पाहिलेल्या गोष्टींचा साक्षीदार म्हणून उत्तम. त्यालाच तटस्थ तज्ज्ञ नेमलं, तर त्याला स्वतःच्याच जुन्या मताची परीक्षा घ्यावी लागते, आणि समोरची बाजू हाच मुद्दा धरून बसते.

४. लवादाने तज्ज्ञाला प्रश्न कसे विचारायला हवेत?

‘बांधकाम सदोष आहे काय?’ हा प्रश्न तज्ज्ञाकडे आला, की अर्धा खटलाच त्याच्या गळ्यात पडतो. ‘सदोष’ या शब्दात करार, मानक, कारागिरी आणि जबाबदारी असं सगळं मिसळलेलं असतं. त्यामुळे तज्ज्ञाने काम घेण्याआधी लवादाला पत्र लिहून प्रश्न सुटे करून मागावेत. आपल्या उदाहरणात ते असे होतील: स्लॅबच्या खालच्या सळयांना प्रत्यक्षात किती कव्हर आहे? करारातल्या ड्रॉइंगमध्ये किती दाखवलं आहे? काँक्रीटची ताकद किती? सळया कुठे गंजल्या आहेत, कुठे नाहीत? गंजण्याचं तांत्रिक कारण काय दिसतं? दुरुस्तीला कोणकोणती कामं लागतील?

कराराचा भंग झाला का, निष्काळजीपणा होता का, नुकसानभरपाई किती, हे प्रश्न लवादाचे. अहवालाने तिथे पाऊल टाकू नये. ‘कंत्राटदार जबाबदार आहे’ हे वाक्य तज्ज्ञाच्या अहवालात दिसलं, की पुढचं सगळं वाचताना वाचणारा त्याच्याकडे वकिलाच्याच नजरेने बघतो.

५. पाहणीच्या जागा कोण निवडतो?

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. बिल्डरचा माणूस हातात टॉर्च घेऊन जिथे काँक्रीट सुटलंय तिथे तज्ज्ञाला नेतो. कंत्राटदाराचा माणूस छत कोरडं ठणठणीत आहे तिथे नेतो. दोघांनी दाखवलेल्या जागा बघाव्यात, नोंदवाव्यात, पण निष्कर्ष त्यांच्यावर उभा करू नये. फक्त सुटलेल्या जागी कव्हर मोजलं तर ते कमीच निघणार, कारण कव्हर कमी असलेली जागाच आधी सुटते. त्यावरून सगळ्या स्लॅबविषयी बोलता येत नाही.

रीत साधी आहे. खांबांच्या ओळींवरून स्लॅबचे चौक पाडायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, आणि त्यांतले कोणते तपासायचे ते जागेवर जाण्याआधी कागदावर ठरवायचं: दर तिसरा चौक, किंवा चिठ्ठ्या टाकून. ती यादी दोन्ही पक्षांना आधी पाठवायची आणि हरकत असेल तर लेखी मागवायची. पाहणीच्या दिवशी दोघांचे प्रतिनिधी हजर हवेत. एक जण आला नाही तरी रीतसर सूचना दिलेली असेल तर पाहणी होऊ शकते, पण ती सूचना अहवालाला जोडलेली हवी.

आणखी एक बारीक गोष्ट. पाहणीच्या दिवशी एका पक्षाने जेवण दिलं, गाडी पाठवली, वाटेत ‘साहेब, खरं सांगायचं तर…’ म्हणून बोलणं सुरू केलं, की ती एकतर्फी भेट होते. आपली गाडी, आपला डबा. बोलणं झालंच तर त्याच संध्याकाळी दोघांना ईमेलने कळवावं.

६. तिन्ही कोअरचे निकाल २५ च्या खाली आले. म्हणजे एम-२५ काँक्रीट फेल ना?

एवढ्यावरून नाही. आपल्या इमारतीत तीन कोअर, म्हणजे छतातून कापून घेतलेले काँक्रीटचे नमुने, काढले. त्यांची घनाशी समतुल्य ताकद २२.४, १९.६ आणि २४.१ न्यूटन प्रति चौ. मिमी आली. बिल्डरच्या टिपणात ‘तिन्ही नमुने अयशस्वी’ असं लिहिलं होतं. पण आयएस ४५६:२००० मधली कोअरची कसोटी वेगळी आहे. निदान तीन कोअर हवेत, त्यांची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या घनाच्या ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम-२५ साठी हे आकडे २१.२५ आणि १८.७५. आपली सरासरी २२.०३, सगळ्यात कमी कोअर १९.६. दोन्ही अटी पुऱ्या होतात.

इथे कंत्राटदाराने टाळ्या वाजवू नयेत. ती कसोटी ‘त्याच वयाच्या’ काँक्रीटसाठी आहे, आणि ती मुळात बांधकाम चालू असताना घनांच्या निकालाविषयी शंका आली तर वापरायची आहे. ९ वर्षांत काँक्रीटची ताकद काहीशी वाढलेली असू शकते, त्यामुळे २८ दिवसांची ताकद नेमकी किती होती हे या तीन कोअरवरून उलट मोजता येत नाही. म्हणून अहवालातलं वाक्य असं होतं: ‘तपासलेल्या तीन कोअरचे निकाल आयएस ४५६ मधील कोअरच्या निकषात बसतात. ओतकामाच्या वेळी ठरलेली ताकद मिळाली नव्हती असा निष्कर्ष या निकालांवरून काढता येत नाही. मिळाली होती असेही केवळ यावरून सिद्ध होत नाही. बांधकामाच्या वेळचे घनांचे रजिस्टर उपलब्ध झाल्यास हा मुद्दा पुन्हा तपासता येईल.’ दोन्ही बाजूंना हे वाक्य आवडत नाही, पण हातातल्या पुराव्यावर यापुढे जाता येत नाही.

७. कोअर काढायला छत फोडावं लागतं. नुसती हॅमर टेस्ट पुरणार नाही का?

रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. त्यावरून काढलेल्या ताकदीत अधिक-उणे २५ टक्क्यांचा फरक पडू शकतो, असं भारतीय मानकातच नमूद आहे. त्यात जुन्या छताचा वरचा थर कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने, कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. काँक्रीट सगळीकडे सारखं आहे का, कोणत्या चौकात शंका आहे, हे शोधायला हॅमर चांगला. पास-नापास त्यावर ठरवू नये. अल्ट्रासोनिक पल्सचंही साधारण असंच: आतल्या पोकळ्या आणि एकसारखेपणा कळतो, थेट ताकद कळत नाही.

८. मग सळया गंजल्या कशामुळे? कव्हर कमी म्हणून की वरच्या बागेचं पाणी झिरपलं म्हणून?

खरा वाद इथेच आहे. बिल्डर म्हणतो, कव्हर कमी ठेवलं. कंत्राटदार म्हणतो, बाग करणाऱ्या दुसऱ्या एजन्सीने वॉटरप्रूफिंग फोडलं, पाणी उतरलं, सळया गंजल्या. दोन्ही गोष्टी शक्य आहेत, आणि ‘दोन्हींमुळे’ असं लिहून मोकळं होणं सगळ्यात सोपं असतं. पण कव्हर कमी किंवा पुरेसं, आणि जागा ओली किंवा वाळकी, असे चारही प्रकारचे चौक जागेवर सापडत असतील, तर ते एकमेकांसमोर ठेवून बघता येतं.

ड्रॉइंगमध्ये कव्हर ३० मिमी आहे. तपासायचे दहा चौक प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे आधीच ठरवलेले. प्रत्येक चौकात कव्हरमीटरने कव्हर मोजलं. मीटर दाट सळयांमध्ये फसतो, म्हणून प्रत्येक चौकात एका जागी बोटभर फोडून पट्टीने खात्री केली. त्याच ताज्या फोडीवर फिनॉल्फथॅलीन फवारलं. काँक्रीट अजून अल्कधर्मी असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो; हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कधर्मीपणा संपवलेल्या थरात रंग येत नाही. बिनरंगी पट्टीची जाडी म्हणजे कार्बोनेशनची खोली. ती सळईपर्यंत पोचली, की सळईवरचं संरक्षण जातं. सगळ्या चौकांत ही खोली १६ ते २० मिमी आली, सरासरी १८.

आधी वाळके चौक घेऊ, म्हणजे वरून पाणी उतरल्याचा डाग किंवा ओल नसलेले. त्यांतल्या चार चौकांत कव्हर कमी होतं: ११, १२, १४ आणि १९ मिमी. पहिल्या तिन्हींत सळया गंजलेल्या. चौथ्यात, म्हणजे १९ मिमीच्या चौकात सळई स्वच्छ, कारण तिथे कार्बोनेशन १७ मिमीवरच थांबलं होतं. एका वाळक्या चौकात कव्हर पुरेसं होतं, तिथे गंज नाही. मग ओले चौक. कमी कव्हरचे दोन, दोन्हींत गंज, आणि वाळक्यांपेक्षा जास्त खोल. पुरेशा किंवा जवळपास पुरेशा कव्हरचे तीन: २८, ३१, ३३ मिमी. तिथे छताला पांढरे क्षारांचे ओघळ होते, पण सळया स्वच्छ.

आता बोलता येतं. पाणी नाही तिथेही कमी कव्हरखाली गंज आहे. पाणी आहे पण कव्हर राखलंय तिथे गंज नाही. म्हणून अहवालात असं येतं: ‘तपासलेल्या दहा चौकांत सळया गंजण्याचा संबंध कमी कव्हर आणि कार्बोनेशन सळईपर्यंत पोचणे याच्याशी दिसतो. केवळ गळतीमुळे गंज सुरू झाल्याचे या चौकांत आढळले नाही. कमी कव्हरच्या ओल्या चौकांत गंज अधिक आहे. गळतीने तो वाढवला असणे शक्य आहे, परंतु किती वाढवला हे दोन चौकांवरून मोजता येत नाही.’

इथे दोन सापळे आहेत. एक, फिनॉल्फथॅलीन कधीच जुन्या फुटक्या पृष्ठभागावर फवारू नये. तो भाग सुटल्यापासून हवेत उघडा आहे, तिथे रंग येणारच नाही आणि खोली खोटी मोठी दिसेल. दोन, २८ मिमीच्या चौकाकडे बघा. आयएस ४५६ प्रमाणे ठरलेल्या कव्हरपेक्षा १० मिमी जास्त चालतं, कमी अजिबात चालत नाही. म्हणजे २८ हा मानकाप्रमाणे फरक आहे, पण त्याने नुकसान काही झालेलं नाही. फरक आणि नुकसान वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावेत. एकाच वाक्यात आले की एकावरून दुसरं सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

क्लोराइडची चाचणीही हवी. समुद्राजवळच्या शहरात गंजाचं ते दुसरं मोठं कारण आहे, आणि ती केल्याशिवाय कार्बोनेशनवर बोट ठेवलं तर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारेल. आयएस ४५६ मध्ये ओतताना साध्या प्रबलित काँक्रीटसाठी आम्लात विरघळणाऱ्या क्लोराइडची मर्यादा ०.६ किलो प्रति घनमीटर आहे. चाचणी करू दिली नसेल किंवा नमुना पुरला नसेल, तर तसं लिहून कारणाविषयीचं मत तेवढ्यापुरतं सैल करावं.

९. आज दिसतंय ते ताबा देतानाही होतं, हे कसं सांगायचं?

कव्हरबाबत सांगता येतं, कारण काँक्रीट कडक झाल्यावर सळई जागची हलत नाही. आज १२ मिमी असेल, तर ओततानाही तेवढंच होतं, मधल्या काळात कोणी छत घासून काढलं नसेल तर. गंजाबाबत असं थेट म्हणता येत नाही.

तिथे साधारण अंदाज करता येतो. कार्बोनेशनची खोली ढोबळमानाने वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ९ वर्षांत १८ मिमी, म्हणजे गुणक ६. या हिशोबाने १२ मिमी खोल सळईपर्यंत कार्बोनेशन चौथ्या वर्षाच्या सुमारास पोचलं असेल, आणि ३० मिमीपर्यंत पोचायला २५ वर्षं लागली असती. रहिवाशांची पहिली तक्रार, छतावर तांबडे डाग दिसतात अशी, पाचव्या वर्षीची आहे. अहवालाने एवढंच म्हणावं की तक्रारीची वेळ आणि हा अंदाज एकमेकांशी ‘सुसंगत’ आहेत. ओल, उष्णता, गाड्यांचा धूर यांनी गुणक बदलतो, आणि मोजमाप एकाच वयाचं आहे, म्हणून वर्ष छातीठोकपणे सांगू नये.

रेराच्या कलम १४(३) मधली ताब्यापासूनची पाच वर्षांची मुदत घर घेणारा आणि बिल्डर यांच्यामधली आहे. ती कंत्राटदाराला कशी लागू होते, किंवा होतच नाही, हा करार आणि कायद्याचा प्रश्न. तज्ज्ञाने तारखा द्याव्यात, मुदतीवर मत देऊ नये.

१०. ‘निकृष्ट काम’ लिहायचं नाही, मग काय लिहायचं? सगळं गुळमुळीत होणार नाही का?

उलट, अहवाल जास्त धारदार होतो. एक खरा वाटणारा नमुना घेऊ: ‘कंत्राटदाराने निकृष्ट दर्जाचे काम करून कव्हर ब्लॉककडे उघड दुर्लक्ष केल्यामुळे संपूर्ण स्लॅब धोकादायक बनला आहे.’ यात तज्ज्ञाने पाहिलेलं काय आहे? जवळजवळ काहीच नाही. दुर्लक्ष त्याने पाहिलेलं नाही, ओतकामाच्या दिवशी तो तिथे नव्हता. संपूर्ण स्लॅब तपासलेला नाही. धोकादायक म्हणायला भाराची गणितं केलेली नाहीत.

तेच असं लिहा: ‘तपासलेल्या दहापैकी सहा चौकांत खालच्या सळयांचे कव्हर २० मिमीपेक्षा कमी आहे, ड्रॉइंगमध्ये ३० मिमी आहे. दोन चौकांत फोडलेल्या जागी कव्हर ब्लॉक आढळला नाही. या दोन जागांबाहेर ब्लॉक होते की नाही हे तपासलेले नाही. स्लॅबच्या भारक्षमतेबद्दल या अहवालात मत दिलेले नाही.’ कंत्राटदाराचा वकील पहिल्या वाक्याच्या चिंधड्या करेल. दुसऱ्याला हात लावायचा तर त्याला मोजपट्टी घेऊन यावं लागेल.

‘उघडच’, ‘निःसंशय’, ‘जाणीवपूर्वक’, ‘सपशेल’ हे शब्द मसुद्यात शोधून काढावेत. ‘शक्य’, ‘अधिक संभाव्य’ हे शब्द वापरताना त्यांचा अर्थ अहवालाच्या सुरुवातीला सांगावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा.

११. एका ड्रॉइंगमध्ये कव्हर २० मिमी आणि सर्वसाधारण टिपांमध्ये ३० मिमी आहे. कोणतं धरायचं?

करारात कोणत्या कागदाला प्राधान्य, हे ठरवणं लवादाचं काम. तज्ज्ञाने दोन्ही पायांवर उत्तर द्यावं: ३० धरलं तर सात चौकांत कव्हर कमी भरतं, २० धरलं तर सहा. इथे दोन्ही उत्तरं जवळपास सारखी येतात, त्यामुळे हा वाद जेवढा मोठा वाटतो तेवढा नाही, हे लवादाला आपोआप कळतं. आयएस ४५६ मध्ये वातावरणाच्या वर्गानुसार किमान कव्हर दिलंय (मध्यम वर्गाला ३०, तीव्र वर्गाला ४५ मिमी), आणि किनारपट्टीच्या हवेचा त्यात वेगळा उल्लेख आहे. तेही माहितीसाठी द्यावं. पण करारात मानक लागू केलं आहे का, हे पुन्हा लवादच सांगेल.

१२. लवाद विचारतो, कव्हरमुळे किती टक्के आणि पाण्यामुळे किती टक्के? आकडा द्यायचा का?

आधार असेल तरच. ‘७०:३०’ असं लिहायला सेकंद लागतो, आणि ‘६०:४० का नाही?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याऐवजी कामाच्या प्रमाणात वाटणी करता येते: वाळक्या चौकांतल्या दुरुस्तीचं क्षेत्रफळ वेगळं, ओल्या चौकांतलं वेगळं, आणि गळती थांबवण्याचं काम तिसरं. हे चौरस मीटरमध्ये मोजता येतं. ओल्या चौकांतल्या वाढीव गंजाचा वाटा मात्र प्रश्न ८ मध्ये म्हटल्याप्रमाणे मोजता आलेला नाही. तिथे तज्ज्ञाने थांबावं. त्यापुढे न्यायबुद्धीने वाटणी करायची तर तो अधिकार लवादाला आहे.

१३. दुरुस्तीच्या खर्चात काय धरायचं?

मोजलेलं क्षेत्रफळ, लागणाऱ्या पायऱ्या आणि दर. पायऱ्या म्हणजे टेकू लावणं, सुटलेलं काँक्रीट काढणं, सळई साफ करणं, पॉलिमर मॉर्टर, आणि कव्हर कमी आहे तिथे कार्बोनेशन रोखणारा लेप. दर कुठून घेतले ते लिहावं: करारातले, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतले, की मागवलेल्या कोटेशनमधले. मुळात नसलेली सुधारणा दुरुस्तीत येत असेल, समजा सगळ्या छताला महागडा लेप, तर ती रक्कम वेगळ्या ओळीत दाखवावी. ती द्यायची की नाही हे लवाद बघेल. तपासलेल्या दहा चौकांवरून सगळ्या छताचा खर्च काढला असेल, तर तो गुणाकार उघडपणे दाखवावा.

१४. वकिलाने मसुदा वाचून ‘हा परिच्छेद काढा’ म्हटलं तर?

वकील सांगू शकतो की अमुक प्रश्न तज्ज्ञाच्या कामाबाहेरचा आहे, एखादं जोडपत्र राहिलंय, किंवा वाक्य कळत नाही. मत बदला असं सांगू शकत नाही. कोअरचा निकाल आपल्या बाजूला अडचणीचा आहे म्हणून तो वगळला, तर उरलेला अहवालच खोटा ठरतो, कारण प्रयोगशाळेच्या पत्रावर नमुन्यांची संख्या असते.

लवादाने नेमलेल्या तज्ज्ञाने मसुदा दाखवायचाच असेल, तर दोघांना एकाच वेळी, एकाच मुदतीत. आलेल्या हरकती आणि त्यांना दिलेली उत्तरं जोडपत्रात जातात. एखादी हरकत पटली आणि आकडा बदलला, तर कोणता, का, हे लिहावं. अहवाल दिल्यानंतर काही चुकलेलं लक्षात आलं तर शुद्धिपत्र लगेच लवादाकडे आणि दोन्ही पक्षांकडे पाठवावं, सुनावणीची वाट बघू नये.

१५. सोसायटीने घाबरून अर्धं छत आधीच दुरुस्त केलं. आता तज्ज्ञ काय करणार?

सुरक्षेसाठी दुरुस्ती थांबवून ठेवा असं कोणी सांगू नये. पण नव्या मॉर्टरखालच्या जुन्या सळईविषयी मत देताना हात आखडता घ्यावा लागतो. दुरुस्ती करणाऱ्याचे फोटो, मोजमाप वही आणि बिलं मिळतात का बघावं. फोटोंच्या मूळ फाइल मागाव्यात, व्हॉट्सॲपवरून आलेल्या नव्हेत, कारण तिथून येताना तारीख आणि तपशील गळून पडतात. फोटोत पट्टी नसेल तर त्यावरून कव्हर सांगू नये. न दुरुस्त केलेल्या चौकांवरून दुरुस्त केलेल्यांविषयी अंदाज करता येतो, पण लोक आधी सर्वांत वाईट भाग दुरुस्त करतात, त्यामुळे उरलेला भाग नमुना म्हणून पक्षपाती असतो. हे अहवालात स्पष्ट लिहावं.

१६. समोरच्या पक्षाच्या तज्ज्ञाचं मत अगदी उलट आहे. भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे कोणतं चालेल?

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लवादापुढच्या कामकाजाला लागू नाही, हे त्याच्या पहिल्याच कलमात आहे. लवाद कायद्याचं कलम १९ ही तेच सांगतं. म्हणून ‘कोणतं मत कायद्याने वरचढ’ असं काही नसतं, कोणतं मत आधारावर उभं आहे ते बघितलं जातं.

अशा वेळी लवाद अनेकदा दोन्ही तज्ज्ञांना एकत्र बसून संयुक्त निवेदन द्यायला सांगतो: कशावर एकमत, कशावर नाही, आणि का नाही. आपल्या उदाहरणात दोघे बसले तर कव्हरची मोजमापं आणि कार्बोनेशनची खोली यांवर फारसा वाद राहत नाही, कारण दोघे एकाच फोडीवर वाकून पट्टी बघतात. वाद उरतो तो एवढाच: ओल्या चौकांतला जास्तीचा गंज गळतीमुळे किती. दोन दिवसांची उलटतपासणी अर्ध्या दिवसावर येते. त्या बैठकीला वकील आत नसावेत, आणि तिथे बोलण्याच्या ओघात मांडलेली तात्पुरती मतं निवेदनात आल्याशिवाय कोणावर वापरायची नाहीत, हे बसण्याआधीच लेखी ठरवून घ्यावं.